एकही नाही

प्रकाशनाच्या निवड समितीची बैठक दुपारी होती, आणि संपादिकाबाईंनी पुस्तकाच्या प्रस्तावाच्या चौथ्या पानावर बोट ठेवलं. ‘या विषयावर बाजारात एकही पुस्तक नाही,’ असं समोर बसलेल्या निवृत्त मेट्रनबाईंनी तिथं अभिमानानं लिहिलं होतं.

“हे वाचलं की विक्रीप्रमुख फाइल मिटतील. पुस्तक नाही म्हणजे गिऱ्हाईकही नाही, असा त्यांचा हिशेब. आणि एकदा नकार आला, की हे पुस्तक मला पुन्हा मांडता येणार नाही. कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात बघून या.”

आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईंनी पिशवी उचलली. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कसं करायचं, हे पुस्तक त्यांनी निवृत्तीनंतर जिवाच्या आकांतानं लिहायला घेतलं होतं. सून बरोबर होती. दोघी दुकानात शिरल्या.

परिचारिकांसाठीचा जाडजूड ग्रंथ सापडला. तो घरच्यांच्या कामाचा नव्हता. आजारी आईची सेवा केलेल्या एका मुलीच्या आठवणी होत्या. त्यात रडू होतं, रीत नव्हती. मग सुनेनं खालच्या फळीवरून एक नवंकोरं पुस्तक काढलं आणि बाईंपुढे उघडून धरलं.

आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा कशा होऊ द्यायच्या नाहीत, सगळं चित्रांसकट. बाईंनी प्रस्तावाला नमुना म्हणून जोडलेलं प्रकरण नेमकं याच विषयावर होतं.

“आई, हे परत ठेवू या. कोणाला कळतंय?”

“अगं, पेशंटचा ताप चार्टवरून खोडला म्हणून उतरतो का?”

“मग बुडालंच की आपलं.”

बाईंनी पाकीट काढलं. पुस्तक विकत घेतलं आणि प्रकाशनाच्या कचेरीतल्या बाकावर बसून त्याची अनुक्रमणिका ओळीनं वाचली. मग चौथं पान नव्यानं लिहिलं: तिन्ही पुस्तकं, ती कोणासाठी आहेत, आपलं कुठं वेगळं. पिशवीतून सातवं प्रकरण काढून नमुन्याचं प्रकरण बदललं. सुनेनं पानं जुळवून दिली.

बैठकीत बाईंना आत बोलावलं. विक्रीप्रमुखांसमोर त्याच पुस्तकाची एक प्रत आधीच पडलेली.

“हे चांगलं खपतंय. तुमचं कशाला काढू?”

“खपतंय म्हणजे घरोघरी गरज आहे. चांगलं आहे ते, मी तसं लिहिलंय. पण त्यात पेशंटची पाठ आहे. करणारीची पाठ मोडली, की घरातल्या कोणाला, कोणत्या शब्दांत मदतीला उठवायचं, ते माझ्या सातव्यात आहे.”

विक्रीप्रमुखांनी सातवं प्रकरण उघडलं. पहिलं पान, दुसरं. तिसऱ्या पानावर ते थांबले.

“हे पान मी घरी नेतो,” ते संपादिकाबाईंकडे न बघताच म्हणाले. “घरी आई अंथरुणावर आहे, माझ्या भावाला वाचून दाखवायचंय. तुम्ही करार काढा.”

बाहेर सुनेनं डोळ्यांनीच विचारलं. बाई बाकावर बसल्या.

“पाणी दे आधी,” त्या म्हणाल्या. “आणि ते पुस्तक इकडे आण. चित्रं खरंच छान आहेत गं त्या मेल्याची.”