एसीचं पाणी

साडीला आधीच निऱ्या घालून, इस्त्री करून, पिना लावून द्यायचं दुकान मी नाशिकला गंगापूर रोडच्या एका गाळ्यात स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. भाड्यापासून पिनांच्या डबीपर्यंत एकही गोष्ट मी सांगितलेल्या किमतीला घेतली नाही. अजूनही घेत नाही.

माझ्याकडे इस्त्रीला एक बाई होती, पेठ तालुक्याकडची. आमची वाफेची इस्त्री वर टांगलेल्या बाटलीतून पाणी घेते. नळीतून पाणी थेंबथेंब तापलेल्या तळाच्या पोकळीत पडतं आणि त्याची वाफ होते. पहिलं वर्ष बोअरचं पाणी वापरलं. मग वाफ कमी होत होत एक दिवस बंदच पडली. दुरुस्तीवाल्याने तळ उघडला तर आतल्या वाटा पांढऱ्या, चुनखडीसारख्या थराने बुजल्या होत्या.

"पाण्याची वाफ होते ताई, क्षारांची होत नाही. ते आतच राहतात," तो म्हणाला. "यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. बॅटरीत घालतात ते."

आधी मी त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस केली. मग पाणी विकत घ्यायच्या विचारानेच माझं डोकं फिरलं. आमच्या वर दातांचा दवाखाना आहे. त्यांच्या एसीची नळी दिवसभर मागच्या बोळात ठिबकते. हवेतलं पाणी, म्हणजे वाफेचंच झालेलं, त्यात क्षार कुठून येणार? मी नळीखाली कॅन लावला. दोन महिने इस्त्री अशी चालली की मी स्वतःवरच खूश होते.

एके सकाळी बाटली भरताना बाई म्हणाली, "ताई, पान्याला वास येतोय. कॅनला बुळबुळीत लागतंय."

"तुला प्यायला दिलंय का? भर."

तिने भरली. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई आईची पैठणी घेऊन आल्या. येवल्याची, मोतिया रंगाची. आई गेल्यावर तीच एक साडी त्यांच्या वाट्याला आली होती आणि मुलीच्या साखरपुड्याला त्यांना ती नेसायची होती. रेशमाला इस्त्री मंद लावावी लागते, ते बाईला माहीत होतं. वर मलमलचं फडकं घालून ती कोरडीच फिरवत होती. पदराच्या जाड निऱ्या बसेनात, म्हणून मीच म्हणाले, "जरा वाफ दे."

तिने फडकं काढून बटण दाबलं. तळ पुरेसा तापलेला नव्हता, त्यामुळे सगळ्या पाण्याची वाफ झालीच नाही. इस्त्री खोकल्यासारखी थुंकली आणि निऱ्यांच्या घडीवर चहाच्या रंगाचे ठिपके पडले. एक थर उलटला तर खालच्यावरही तेच. आम्ही ओल्या सुती कापडाने टिपत राहिलो. ठिपके फिकटले, पण कडेने पसरले.

गिऱ्हाईक बाई साडी न्यायला आल्या. पदर उजेडात धरून त्यांनी एकेक निरी उलटून पाहिली. मग विचारलं, "इस्त्री कुणी केली?"

मी बाईकडे बोट केलं. "हिने. किती वेळा सांगितलंय, रेशमावर वाफ मारू नको म्हणून."

बाईने माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीची वायर काढून नीट गुंडाळली, डबा पिशवीत टाकला आणि गेली. गिऱ्हाईक बाईही डाग पडलेली साडी घेऊन गेल्या.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावून बोळात उभं राहून फैलावर घेतलं. त्याने शांतपणे बाटली उघडून हुंगली आणि बोट आत फिरवून मला दाखवलं. करडा चिकट थर होता.

"एसीचं पाणी?"

"डिस्टिल्डच झालं ना ते?"

"क्षार नाहीत ताई, पण एसीच्या ट्रेमधली धूळ येते, शेवाळ येतं. ते आत तापून जळतं. मग हा रंग येतो."

"तेव्हा नाही का सांगायचं?"

"तुम्ही कुठे विचारलंत? भावावरच भांडत होता."

आता डिस्टिल्ड पाणीच घालते. रोज आधी जुन्या चिंधीवर दोन-चार झोत सोडून बघते, मगच साडीला हात लावते.

बाई निघून गेली त्यानंतर चार दिवसांनी मी तिच्या खोलीवर गेले. ती भाकरी थापत होती. "उद्यापासून ये," मी म्हणाले.

"नाय ताई."

"रागात तोंडातून गेलं. वाढवून देते."

"पैशाचं नाय. त्या माऊलीला तुम्ही खोटं सांगितलंत. ती मलाच शिव्या देत आसंल आजून." तिने भाकरी उलटली. "जाऊन खरं सांगा तिला. मग येते."

मी चप्पल घातली. त्या गिऱ्हाईक बाईंचं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे.

या गोष्टीला दीड वर्ष झालं, पण बाईवरचा राग माझ्या मनातून गेला नाही. ती तिथल्या तिथे बोलली असती, की पाणी यांचं, वाफही यांनीच द्यायला लावली, तर मी भांडले असते, हरले असते आणि विषय संपला असता. समोरच्याने आधी भाव सांगितला, तरच मला उत्तर सुचतं. ती गप्प राहिली आणि सगळं माझ्यावर टाकून गेली. तिच्या जागी दोघी येऊन गेल्या, टिकल्या नाहीत. त्या पाच मिनिटांवरच्या घरी मी अजून गेलेले नाही.