जावकबाईंचा मसुदा

आमच्या शाखेत त्यांना सगळे जावकबाई म्हणत. अठरा वर्षं बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून गेलं, म्हणून हे नाव. पत्रावर क्रमांक, तारीख, शिक्का, मग पाकीट. एकदा शिपाईकाका म्हणाले, "बाई, तुम्ही घरी नवऱ्याला चहासुद्धा जावक क्रमांक टाकून देत असाल." बाई मान वर न करता म्हणाल्या, "देते. पोच मात्र मिळत नाही."

नवऱ्याला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती. चांगला हात असलेला गाड्यांचा मेकॅनिक. आता उजवी बाजू लुळी, बोलणं मात्र शाबूत. सकाळी बाई त्याला पुसून, भरवून, औषधं देऊन ऑफिसला येत. दुपारी शेजारीण एकदा डोकावून जाई. मधले तास तो एकटाच.

मार्चअखेर शाखा बंद होणार हे कळलं, तेव्हा इतरांना पगाराची काळजी पडली. बाईंना वेळेची पडली. दुसरी नोकरी मिळेलही, पण ती किती लांब असेल? मग त्यांना एक जाहिरात सापडली. ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची, घरी बसून, कंपनीच्याच संगणकावर. बाईंनी अर्ज केला. बुधवारी सकाळी अकरा वाजता फोनवर मुलाखत ठरली, तसं ईमेल आलं. त्यांनी ते मला दाखवलं. "साहेब, हे जमलं तर मी त्यांच्या खोलीतच टेबल लावीन." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

बुधवारी त्यांनी रजा घेतली. पावणेअकराला फोन चार्ज करून टेबलावर ठेवला, शेजारी पाण्याचा पेला आणि शिक्षणाचे दाखले. नवऱ्याला सांगितलं, "अर्धा तास गप्प पडून राहा हं." तो म्हणाला, "अर्धा तास? मी तर वर्षानुवर्षं तेच करतोय."

अकराला पाच कमी असताना तो बाथरूमला जायला एकटाच उठला. बायकोला हाक मारायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दारातच पडला. कपाळ फुटलं आणि अंग दार आणि भिंतीच्या मध्ये अडकलं. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर जखमेवर दाबला. बाहेर फोन वाजला, थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला.

"जा, घे," तो म्हणाला.

"हात काढला तर रक्त येतंय."

"येऊ दे की. माझंच आहे."

त्या उठल्या नाहीत. आवाज ऐकून शेजारीण आली, दोघींनी त्याला ओढून बाहेर काढलं. डॉक्टर येऊन टाके घालून गेले, तेव्हा साडेबारा वाजले होते. फोनवर ईमेल येऊन पडलं होतं: ठरलेल्या वेळी दोनदा फोन केला, संपर्क होऊ शकला नाही.

बाईंनी तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून, त्याच ईमेलला उत्तर लिहिलं. मी ते नंतर इतक्या वेळा वाचलं की पाठ आहे.

"आज अकरा वाजता आपला फोन घेऊ शकले नाही, याबद्दल मनापासून क्षमा मागते. त्याच वेळी माझे पती घरात पडले, त्यांना टाके घालावे लागले. आपला वेळ वाया गेला याची मला जाणीव आहे. ही नोकरी मला खरोखर हवी आहे. आज संध्याकाळी पाचनंतर, उद्या सकाळी कधीही किंवा परवा दुपारी मी उपलब्ध आहे. आपल्या सोयीची दुसरी वेळ मिळाली तर आभारी राहीन." खाली नाव, फोन नंबर.

एवढंच. आणि हे त्यांनी कंपनीला पाठवलं नाही. मला पाठवलं. वर एक ओळ: "साहेब, मसुदा बघून द्यावा."

याचं कारण मी. शाखेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बजावलं होतं की वरिष्ठांची सही झाल्याशिवाय कागद दाराबाहेर जाणार नाही. एकदा त्यांनी एक साधं स्मरणपत्र परस्पर पाठवलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो. त्यानंतर अशी चूक झाली नाही.

त्या दिवशी मी मुख्य कार्यालयात हस्तांतराच्या याद्या जुळवत होतो. मसुदा चार वाजता पाहिला. "ठीक आहे, पाठवा" एवढे तीन शब्द लिहायला काय लागलं असतं? पण मला तो मसुदा कच्चा वाटला. विषय नाही, संदर्भ नाही, आणि घरचं रडगाणं कशाला? उद्या सकाळी नीट बघू म्हणून ठेवून दिला.

गुरुवारी साडेदहाला मी तो व्यवस्थित केला. "उपरोक्त विषयास अनुसरून" घातलं. पती, टाके काढून "अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव" केलं. तीन वेळांच्या जागी "आपल्या सोयीनुसार" लिहिलं. बाईंनी टंकून पुन्हा माझ्याकडे ठेवलं, कारण सुधारलेली प्रत पुन्हा दाखवायची हाही माझाच नियम. मी बैठकीत होतो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी मान हलवली आणि ते गेलं.

सव्वातीनला उत्तर आलं. कंपनीतल्या मुलीने सभ्यपणे लिहिलं होतं. काल संध्याकाळपर्यंत आपल्याकडून काही कळलं असतं, तर आज सकाळी दहाची एक वेळ रिकामी होती. आपल्याला रस नसावा असं समजून ती पुढच्या उमेदवाराला दिली, आणि दुपारी निवड झाली. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

बाईंनी प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. त्यावर आवक शिक्का मारलेला होता, हाताच्या सवयीने.

मी म्हणालो, "बाई, पुन्हा लिहा. सगळं खरं सांगा. निवडलेला माणूस आला नाही तर विचार करा म्हणावं."

"लिहिलं," त्या म्हणाल्या.

"मला दाखवलं नाहीत?"

"नाही साहेब. आधी पाठवलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शिपाईकाका चहाचे पेले उचलायला आले होते, ते तसेच मागे फिरले.

त्या दुसऱ्या ईमेलला उत्तर आलं नाही. मी मुख्य कार्यालयात दोन ठिकाणी शब्द टाकला, पण बंद होणाऱ्या शाखेच्या माणसाच्या शब्दाला काय वजन? एप्रिलपासून बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात पावत्या लिहितात. जाणं-येणं धरून रोज अकरा तास घराबाहेर. जून महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. शेजारणीने उघडून दिली. बाथरूमचं दार काढून टाकलेलं, पलंगाला एका बाजूने फळी ठोकलेली. मेकॅनिकच्या कपाळावर पांढरी रेघ होती.

"तुम्हीच ते साहेब ना?" तो म्हणाला. "बसा. ती म्हणते तुमचा दोष नाही. मी म्हणतो माझा आहे. आमचं रोज यावरून भांडण होतं."

मी बसलो. खिडकीशी एक टेबल होतं, भिंतीला लावून, पलंगाकडे तोंड केलेलं. त्याच्यावर औषधांच्या बाटल्या होत्या.

"ते तिने आधीच आणून ठेवलं होतं," तो म्हणाला. "मुलाखतीच्या आदल्या दिवशी."

मी उठलो. शेजारणीने मागून पुन्हा कडी लावली.