हवालदार म्हणजे नक्की कोण

कोरेगावचे हंबीरराव लष्करातून हवालदार होऊन परतले, ते साल पंचाहत्तर. उभी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. आता त्यांना इंजिनात हात घालायला मिळेल अशीच नोकरी हवी होती. फाटकावर काठी घेऊन बसायची मात्र धास्ती होती. पेन्शनीत आलेले गावचे कितीतरी जवान असेच रखवालदार होऊन बसले होते.

सांगलीत आमच्या ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला माणूस हवा होता. जागेचं नाव 'सीनिअर मेकॅनिक', काम सगळं वर्कशॉप सांभाळायचं. मी तिथं टायपिस्ट. आमचे हेडक्लार्क नानासो म्हणजे हुद्दा वाचला की माणूस कळला असं समजणारे. आलेल्या अर्जांत पुण्याच्या गॅरेजातला एक 'फोरमन' त्यांनी सगळ्यात वर ठेवला आणि हंबीररावांचा अर्ज रखवालदाराच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत ढकलला. हवालदार म्हणजे पोलिसातला, नाहीतर कचेरीत पाणी देणारा. तिसरा त्यांना सुचलाच नाही. मला असल्या डोक्याचा संताप येतो.

वर्कशॉपचे मॅनेजर कुतुबुद्दीनसाहेब रखवालदार निवडायला बसले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "फौजेत काय करत होता?"

"शक्तिमान ट्रकची इंजिनं उतरवायची, बांधायची. धा कारागीर हाताखाली हुते."

"मग हवालदार कसे?"

"ती रँक हाय, साहेब. मान किती ते सांगती, काम न्हाई सांगत. फौजेत सैपाक करणाराबी हवालदार हुतो."

साहेबांनी मग पुण्याच्या फोरमनलाही तेच विचारलं. मालक, तो आणि एक हेल्पर, एवढंच ते गॅरेज. गिऱ्हाइकावर वजन पडावं म्हणून मालकानं दिलेलं नाव. माणूस सरळ होता, त्यानं लपवलं नाही. त्याला साधा मेकॅनिक म्हणून घेतलं. हंबीररावांनीही सांगितलं की डिझेल पंपाचं काम ते फौजेच्या मोठ्या वर्कशॉपला धाडायचे. तेवढं शिकावं लागणार होतं, बाकीचं जुळत होतं.

पण 'सीनिअर मेकॅनिक' ऐकताच हंबीरराव उठले. "मेकॅनिक माज्या हाताखाली असायचे, साहेब. उतारवयात परत खाली कशाला? येतो मी."

नानासोंची चूक आता हंबीररावच करत होते, नावावरून काम ठरवत होते. साहेब हसले नाहीत. त्यांना शेडमध्ये नेऊन म्हणाले, "या सगळ्यांना काम तुम्ही वाटून द्यायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय इथली गाडी रस्त्यावर जात नाही. नाव काय ते कंपनीचं."

हंबीरराव तिथल्या एका उघड्या इंजिनाजवळ गेले, वाकून आत बघितलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

पुढच्या आठवड्यात हंबीररावांच्या घरच्या अंजनावहिनी कोरेगावहून भाकरी घेऊन आल्या. नवऱ्याला नोकरी लागली एवढंच त्यांना कळलं होतं, ती फाटकावरचीच असणार असं त्यांनी धरलं होतं. फाटकावरच्या खुर्चीत दुसराच माणूस बघून त्या घाबरल्या. मी त्यांना आत नेलं. एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते आणि आतून पाना मागणारा खणखणीत आवाज येत होता. आवाज ओळखून वहिनी तिथंच खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.