आडवं झाल्यावर वाढणारी धाप

धाप का लागते, याची सगळी कारणं मी एका मोठ्या कागदावर मांडली होती, आणि तो कागद विजयनगर भागातल्या आमच्या घरी न्हाणीघराच्या दारावर चिकटवला होता. आई रोज कुरकुरायची. फुप्फुसाच्या रकान्यात दमा: लहानपणापासून, येऊन-जाऊन, छातीत शिट्टी. रक्ताच्या रकान्यात पांडुरोग: पापण्या आतून फिक्या. मूत्रपिंड बिघडलं किंवा साखर फार चढली तर छाती स्वच्छ, पण श्वास खोल. आणि हृदयाचा रकाना: पाय सुजलेले, आडवं झालं की धाप वाढते, रात्री गुदमरून जाग येते.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मी नापास झाले तर वर्गातली पोरं डॉक्टर होणार आणि मी परत वॉर्डात. माझ्या वाट्याला पेशंट म्हणून आले एक शिंपीकाका, इथलेच, बाहेर कानडी पण घरी मराठी बोलणारे. “अय्यो, आपलीच पोरगी की!” म्हणून खूश झाले. रात्री तीन उशा लागतात, पहाटे गुदमरून उठतो, म्हणाले. पाय सुजलेले, मानेची शीर फुगलेली, स्टेथोस्कोप लावला तर पाठीला खाली दोन्ही बाजूंना श्वासाची चरचर. रकाना सरळ समोर होता.

परीक्षक सरांना मी सांगितलं, हृदय कमकुवत झालंय. ते हसले.

“फुप्फुसाच्या पेशंटलाही उशा लागतात. झोपवून दाखव.”

“सर, पायाची सूज, मानेची शीर, सगळं तेच सांगतंय. झोपवलं तर त्यांना त्रास होईल.”

“मी विचारलं का तुला?”

माझं डोकंच फिरलं. मेला कसाई, मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “मी नाही झोपवणार, सर.” आणि उलट काकांच्या पाठीमागची उशी आणखी वर सरकवली. केवढा अभिमान वाटला मला स्वतःचा!

सर चिडले नाहीत. कागदावर काहीतरी खरडलं, “नापास, बाहेर बस,” म्हणाले आणि बाहेर रांगेत उभ्या पोरांना हाक मारली. “आता प्रत्येकानं यांना आडवं करून दाखवायचं.”

मी बाहेर बाकावर बसले. आतून काकांची धाप ऐकू येत होती, मग खोकला, मग उठवून बसवल्याचा आवाज. पुन्हा दुसरं पोर आत. एकानंही नाही म्हटलं नाही. म्हणतील कशाला? माझं काय झालं ते दिसतच होतं सगळ्यांना.

संपल्यावर मी आत गेले. काका ऑक्सिजनची नळी लावून पुढे वाकून बसले होते, ओठ काळवंडलेले. मी म्हटलं, “काका, माझ्याकडून नाही झालं हो ते.”

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

“तू झोपवलं असतंस, तर एकदाच झालं असतं ना गं,” ते म्हणाले.