हात लावून पाहिलेली पहिली

पहिलीच्या बाईंनी उभा जन्म लहान मुलांना शिकवण्यात घालवला होता, पण बालवाडीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. यंदा बालवाडीच्या ताईंनी त्यांना आणि पालकांना एकत्र बसवलं. ठरलं असं, की प्रत्येक घराने आपल्या मुलाबद्दल बाईंना सांगायचं आणि सुट्टीआधी मुलांनी पहिलीचा वर्ग बघून यायचं.

एक शिंपी आपल्या लेकीबद्दल म्हणाला, "नव्या जागी ती तोंड उघडत नाही. आधी सगळ्याला हात लावून बघते."

"आमच्या बालवाडीतही तसंच झालं," ताई म्हणाल्या. "आम्ही घाई केली नाही, एवढंच."

भेटीच्या दिवशी बाकीची पोरं बाकांवर जाऊन बसली. शिंप्याची लेक मात्र बाकांच्या कडांवरून बोट फिरवत निघाली. मग भिंत, फळा, खिडकीचे गज. बाईंना एरवी असलं रेंगाळणं खपत नसे. आज शिंप्याचं बोलणं आठवून त्या नुसत्या बघत राहिल्या. शेवटी ती त्यांच्याजवळ आली, त्यांच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, "तुम्ही इथेच असता ना?"

"हो गं, इथेच असते."

बाई मुलांसोबत आलेल्या ताईंकडे वळल्या. "एवढंसं पोर," त्या ताईंना म्हणाल्या, "आणि नवं जग कसं आपलंसं करायचं, ते तिला कुणी शिकवलेलं नाही."

शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी पुस्तकं मिटलेलीच ठेवली. ताई मागे बसल्या होत्या आणि सगळी मुलं वर्गभर हात लावत फिरत होती.