अक्काच्या वाट्याचे रविवार

वॉर्डात नर्स चार, त्यात अक्का सगळ्यात जुनी. नवरा छापखान्यात, आणि छापखाना बंद फक्त रविवारी. म्हणजे दोघांच्या संसाराला आठवड्यातला एकच दिवस, तोही कित्येक वर्षं वॉर्डाने गिळलेला.

इनचार्ज बाईंना आपल्या ड्युटी चार्टचा कोण अभिमान! रात्रपाळीचे दोन तुकडे केलेले: सोमवार ते गुरुवार एक, शुक्रवार ते रविवार दुसरा. चौघींनी ओळीने एकेक घ्यायचा, मग पुन्हा पहिलीपासून. दिसायला किती सरळ! पण आठवड्याचे तुकडे दोन आणि बायका चार, त्यामुळे ओळ फिरून त्याच जागी यायची. शनिवार-रविवारच्या रात्री कायम आलटून पालटून अक्काच्या आणि अबोलीच्या गळ्यात. अबोली कधी तोंड उघडत नसे, म्हणून तर तिचं ते नाव. एकीला रात्र असली की त्या रविवारची दिवसपाळी दुसरीला, का तर त्या आठवड्यात तिला रात्र नाही, म्हणून ताजीतवानी! उरलेल्या दोघींचं फावत होतं, त्या कशाला बोलतील?

अक्काने दोनदा गोडीत सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा ती चार्ट घेऊनच बाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"अगं, उलट तुझ्या तीनच रात्री, त्यांच्या चार," बाई म्हणाल्या. "शिवाय सोमवारी सुट्टी देते की."

"रात्री जागून रविवारचा दिवस झोपेत जातो, आणि सोमवारीही मेल्यासारखी पडते मी. ती सुट्टी? ती झोप आहे, बाई!"

"त्या दोघींना लेकरं आहेत. तुला काय, घरी कोण वाट बघतंय?"

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूल नाही म्हणून बाईचा रविवार फुकटचा? नवरा काय माणसात जमा नाही?

"नवरा बघतो वाट," ती म्हणाली. "आणि नसता बघत, तरी माझा रविवार माझाच होता. दर फेरीला तुकडे उलटे करा, रविवारची दिवसपाळी चौघींत फिरवा आणि झोपेचा दिवस सुट्टीत मोजू नका. नाहीतर या शनिवारी रात्री तुम्ही या."

"मीपण येणार नाही," मागून अबोली म्हणाली.

दोन शनिवार रिकामे राहणार म्हटल्यावर बाईंना गणित चटकन समजलं. इतकी वर्षं समजत नव्हतं, हे कुणी खरं मानावं?

पुढच्या फेरीत अक्काला अख्खा रविवार मिळाला. सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. नवरा चपला हातात धरून चोरपावलांनी आला, त्याने दार आवाज न करता लोटलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "दूध आणू?"

"अहो, मोठ्याने बोला ना! जागी आहे मी."

तो ओशाळून हसला. "सवय झालीय," म्हणाला, पण तेही कुजबुजतच. अक्काने गॅस बंद केला आणि ती संतापाने रडायला लागली.