बाजरीच्या महिन्यांत वाढणारी पोर

"काटा कुणाचा नातेवाईक नसतो," असं मंजुषा एकदा भरल्या ग्रामसभेत म्हणाली होती, आणि सरपंचाच्या नातवाचं वजन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.

देवगाव रंगारीच्या पुढे, कन्नडच्या बाजूला एका वस्तीवरच्या अंगणवाडीत तिची एकवीस वर्षं गेली होती. त्यातल्या पहिल्या दोनतीन वर्षांतच माणसांवरचा विश्वास उडाला. पोषण आहाराची पाकिटं म्हशीच्या घमेल्यात ओतलेली तिनं पाहिली होती. वजनाच्या दिवशी पोराच्या खिशात गोटे भरून आणणारी आई तिनं पकडली होती, आणि "पोरगं रोज अंडं खातं" असं शपथेवर सांगणाऱ्या घराच्या मागं अंड्याचं एक टरफलही तिला कधी सापडलं नव्हतं. तेव्हापासून ती आधी काट्याकडे बघायची, मग माणसाच्या तोंडाकडे. काट्यावर जे दिसतं त्याला घरात कुणीतरी जबाबदार असतंच, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

अशा बाईच्या काट्यावर योगिनी आली.

म्हाळसाबाई आणि आप्पा या मेंढपाळ जोडप्याची ती नात. वय साडेचार, उंची एक्क्याण्णव सेंटिमीटर, वजन अकरा किलोच्या आत-बाहेर. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं पुढं आलेलं. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या. जंताचं औषध झालं, लोहाचं सिरप झालं, कशाचा फरक नाही. दीड वर्षाने लहान भाऊ अंगद तिच्या बरोबरीला आला होता.

एके दिवशी मंजुषानं दोन वर्षांची नोंदवही पुढं ओढली आणि बोटानं एकेक महिना खाली उतरत गेली. तिच्या लक्षात आलं ते असं : दिवाळीनंतर पोरीचा बाप आणि म्हातारा-म्हातारी मेंढरं घेऊन गोदाकाठच्या शेतांकडं जायची, नातीला सोबत न्यायची. आई तनुजा अंगदला घेऊन घरी राहायची, रोजंदारीला जायची. जूनमध्ये कळप परतला की योगिनीचं वजन वाढलेलं असायचं, गालांवर तुकतुकी यायची. मग दिवाळीपर्यंत पुन्हा घसरण. दोन्ही वर्षी तेच.

आजीजवळ वाढते, आईजवळ झडते. मंजुषाला याहून जास्त पुरावा नको होता.

"म्हाळसाबाई, सुनेचा काय प्रकार आहे?" तिनं म्हातारीला बाजूला घेऊन विचारलं.

म्हातारी तंबाखू चोळत होती. "मी कशाला तोंड उघडू? उद्या भाकर तिच्याच हातची खायाची हाय मला." चिमूट दाताखाली दाबून ती पुढं म्हणाली, "पर पोरगं जन्मल्यापासून पोरीकडं बघायला तिला येळ नाय, एवढं खरं."

तनुजाला विचारलं तर ती उसळली. "मी उपाशी ठिवते? मी? अन् सासूबाई रानात पाला-मुळ्या उगाळून पाजत्यात त्ये नाय दिसत तुम्हाला? तिकडनं आली की पोर माझ्या हाताचं खातच नाय. काय करून ठिवलंय इचारा त्यांनाच."

दोघी एकमेकींवर संशय घेत होत्या, आणि मंजुषा दोघींवर. तिनं शेवटी तिच्या पद्धतीनं बंदोबस्त केला. योगिनीचं खाणं घराच्या भरवशावर ठेवायचंच नाही. सकाळी स्वतःसमोर बसवून गव्हाची लापशी, दुपारी शिरा, चार वाजता पदरच्या पैशानं आणलेली बिस्किटं. पोर मान फिरवायची. मंजुषा एका हातानं तिची हनुवटी धरायची, दुसऱ्या हातानं घास घालायची. "गीळ, बाळा. तुझ्या जिवाची दुश्मन नाही मी."

दसऱ्यापर्यंत पोर आणखी उतरली. पातळ, चिकट, घाण वासाचं शौच दिवसातून चारपाच वेळा. चिडचिड एवढी, की तिला कुणी हात लावला तरी ती ओरडायची. मंजुषानं विचार केला : माझ्यासमोर एवढं खाते, तरी झडते. म्हणजे घरी नेऊन हिला काहीतरी जुलाबाचं देतात. सूड म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं झोपलेली असताना तिनं पर्यवेक्षिकेकडे अर्ज लिहिला. 'आई तनुजा ही मुलीची जाणीवपूर्वक हेळसांड करीत असून चौकशी व्हावी.' खाली सही केली. अक्षर सुंदर आलं होतं.

आठवड्यानं मुलांच्या तपासणीचं पथक आलं. पथकातली डॉक्टर तरुण होती, हळू बोलायची. तिनं योगिनीचं पोट दाबून पाहिलं, कुल्ल्यांवरची सैल, सुरकुतलेली कातडी पाहिली, आणि मंजुषानं नोंदवहीतल्या दोन घसरणी बोटानं दाखवल्या तेव्हा तिनं ते महिने पुन्हा एकदा वाचले.

"ह्या महिन्यांत ती आजीजवळ असते," मंजुषा म्हणाली. "आणि ह्या महिन्यांत आईजवळ. आता तुम्हीच समजून घ्या."

"कुणाजवळ असते ते नंतर बघू," डॉक्टर म्हणाली. "तिकडे खाते काय?"

म्हाळसाबाई दारातच बसली होती. "काय खानार? बाजरीची भाकर, मेंढीचं दूध, डाळ. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवू तो बाजरी-जवारी देतो, त्येच."

"गहू?"

"रानात कुठं गहू, माय. गहू सनासुदीला."

"आणि इथं?"

तनुजा भिंतीकडं बघत म्हणाली, "घरी बी बाजरीच. गव्हाचं म्हंजी अंगणवाडीत ताई देत्यात त्ये. आदी एकदा द्यायच्या, आता दिवसातनं तीनदा."

मंजुषाला आधी वाटलं, ही डॉक्टरही या घरातल्यांच्याच बाजूची. पण चिठ्ठी निघाली होती, जिल्ह्याच्या घाटी रुग्णालयात जायची. मंजुषाही गेली, तनुजा तिथं खोटं बोलू नये म्हणून. बसमध्ये दोघींच्या मध्ये पोर बसली होती.

रुग्णालयातल्या बालविभागात पोटाचे जंत, जिआर्डियाचा संसर्ग, पोटाचा टीबी, सगळ्याची तपासणी झाली. रक्ताच्या एका तपासणीचा आकडा खूप वर निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, "सेलिअॅक नावाचा आजार असावा. गव्हातला एक पदार्थ, ग्लूटेन, हिच्या शरीराला चालत नाही. तो पोटात गेला की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. पण नक्की करायला दुर्बिणीनं आतड्याचे तुकडे घेऊन बघावं लागेल. दोन आठवड्यांनी तारीख आहे. तोवर गहू बंद करू नका."

तनुजा उभी राहिली. "काय म्हनता? इख हाय म्हनता, अन् चारा म्हनता?"

"आत्ता बंद केला तर आतडं भरून यायला लागतं. मग तपासणीत काहीच दिसत नाही. आयुष्यभराचं पथ्य द्यायचंय पोरीला, अंदाजावर कसं देऊ? जुलाब फार वाढले तर लगेच घेऊन या."

घरी आल्यावर म्हाळसाबाईनं आकाशपाताळ एक केलं. कळप निघायची वेळ झाली होती. "पोर माझ्यासंगं द्या. महिनाभरात गाल भरत्याल. त्या दवाखान्यावाल्यांना पोरीवर प्रयोग करायचाय, एवढं बी कळंना तुमाला?" मंजुषा मध्ये पडली नसती तर पोर गेलीच असती. म्हातारी जाताना मंजुषाला म्हणाली, "पोर मेली तर तुझ्या दारात आनून ठिवीन." आणि मेंढरांच्या मागं चालू लागली.

ते दोन आठवडे मंजुषानं पोरीला रोज गव्हाचा घास स्वतःच्या हातानं भरवला. आधी ती अन्न भरवत होती. आता काय भरवते हे तिला माहीत होतं. हात तोच, वाटी तीच. घास तोंडाकडे नेताना ती दुसरीकडे बघायची. आपल्याच हातावर तिला आता पहारा ठेवावासा वाटे. एकवीस वर्षं मी कुणाकुणाला काय काय भरवलं, असं तिच्या मनात येई, आणि वहीतली जुनी, वस्ती सोडून गेलेल्या, कधी न वाढलेल्या पोरांची नावं तिच्या डोळ्यांपुढून सरकत.

तपासणीत निदान पक्कं झालं. डॉक्टरांनी तनुजाला समजेल असं सांगितलं, "आतड्याच्या आत गवतासारखे बारीक तंतू असतात. अन्नाचा कस तेच शोषून घेतात. हिचं ते कुरण पार खुरटून गेलंय. म्हणून कितीही खाल्लं तरी अंगी लागत नव्हतं. आता गहू, रवा, मैदा, जव बंद. कायमचं. भाकरी, भात, डाळ चालेल. कुरण परत वाढतं." मग म्हणाले, "हिच्या भावाचीही रक्ततपासणी करा. आईवडिलांचीही. घरात आणखी कुणाला असू शकतं, बाहेरून दिसत नसलं तरी. आणि त्याची तपासणी होईपर्यंत त्याचा गहू चालू ठेवा."

मंजुषाचा संशयी स्वभाव आता कामाला आला. गिरणीवाल्याला तिनं सांगितलं की गव्हानंतर लगेच या घराची ज्वारी-बाजरी दळायची नाही, आणि जातं झाडल्याशिवाय तर नाहीच. तनुजाच्या घरातली हिंगाची डबी, त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं म्हणून, तिनं बाजूला काढली. दिवाळीच्या शेवया, बिस्किटं, अंगणवाडीतून आलेलं पाकीट, सगळं वेगळं केलं. पोरीचे जुलाब पंधरा दिवसांत थांबले. महिन्यानं काटा सहाशे ग्रॅम वर गेला.

तनुजा मात्र अंगदला तपासणीला न्यायचं नाव काढेना. तो अंगणवाडीतही येईना. शेवटी मंजुषाच तिच्या दारात गेली.

तनुजा चुलीपुढं होती. "बसा," असं ती म्हणाली नाही.

"अंगदला कधी नेतेस?"

"आता त्याच्यावर डोळा हाय का?" तनुजानं भाकरी तव्यावर टाकली. "पर्येवेक्षिका बाई आल्या व्हत्या. कागद वाचून दाखवला त्यांनी. पोरीची हेळसांड. जानीवपूर्वक." शब्द तिनं जपून, एकेक सुटा उच्चारला. "जानीवपूर्वक म्हंजी काय, ताई? मी आठवीपतुर शिकले, पर नक्की म्हाईत नाय."

"मुद्दाम," मंजुषा म्हणाली.

"हां. मुद्दाम." भाकरी उलटली. "अन् तुमी रोज तीनदा भरवीत व्हत्या, त्ये काय लिव्हलं?"

"लिहिलं," मंजुषा म्हणाली. "काल दुसरा अर्ज दिला. आईचा दोष नाही, पोरीला गहू मी भरवला, जबरदस्तीनं भरवला, असं लिहून माझ्या सहीनं दिलाय. वरच्या साहेबांनी विचारलं तर तेच सांगेन. पण तू माझ्या रागापायी अंगदला घरात ठेवू नकोस. तो धडधाकट दिसतो, म्हणजे बरा असेलच असं नाही. माझं ऐकू नकोस, डॉक्टरांचं ऐक."

तनुजानं भाकरी निखाऱ्यावर उभी केली. ती फुगली, तिच्या कडेतून वाफ सुटली. योगिनी दारामागं बसून भाकरीचा पापुद्रा चावत होती, अंगद तिच्या हातातला तुकडा ओढत होता.

"उद्या नेते त्याला," तनुजा म्हणाली. "तवर गहू चालू ठिवायचा, ठाव हाय मला. मी देईन माझ्या हातानं." मग तिनं मान वर केली. "तुमी येऊ नगा."

मंजुषा वळली. तिनं चपला पायांत सरकवल्या आणि ती बाहेर पडली.